लिव्हरलेस कंट्रोलर: विरुद्ध दिशांमुळे बटण मेल्यासारखे का वाटते आणि दोष कसा शोधावा

लढतीच्या व्हिडिओ गेमसाठी घरी बनवलेले लिव्हरलेस, म्हणजे काठीऐवजी दिशांनाही बटणे असलेले, कंट्रोलर दुरुस्तीसाठी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर येणाऱ्या तक्रारी जवळजवळ ठरलेल्या असतात. प्रत्येक तक्रारीत लहानसा फरक असतो आणि पुढे तोच फरक दोषाकडे बोट दाखवतो. म्हणून आपली तक्रार पुढीलपैकी नेमकी कोणती, हे आधी ठरवून घ्यावे.

लक्षणे

- डावीकडून उजवीकडे झटकन वळताना पात्र क्षणभर थबकते किंवा डॅश निसटतो. उजवीकडून डावीकडे वळताना मात्र असे होत नाही.
- उजवे बटण एकटे दाबून पाहिले तर दर वेळी चालते, पण खेळाच्या घाईत अधूनमधून लागत नाही.
- डावे आणि उजवे ही दोन्ही बटणे मेलेली आहेत. वर, खाली आणि हल्ल्याची सगळी बटणे ठणठणीत आहेत.
- खाली दाबले की पात्र बसण्याऐवजी उडी मारते.
- उजवे बटण सोडले की पात्र आपोआप डावीकडे चालू लागते.
- खाली धरून ठेवलेले असताना वर दाबले तर उडी लागत नाही; मित्राच्या कंट्रोलरवर मात्र लागते.

या लेखात मी रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड आणि त्यावरील `GP2040-CE` हे मुक्त फर्मवेअर गृहीत धरले आहे, कारण हौसेने बनवलेल्या कंट्रोलरमध्ये हीच जोडी मला सर्वाधिक दिसते. दुसरा बोर्ड असेल तर पिनचे क्रमांक बदलतील, तपासणीचा क्रम मात्र तोच राहील.

तपासण्यापूर्वी समजून घ्यायची एक गोष्ट

आर्केडच्या काठीला एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे कलता येत नाही. लिव्हरलेसमध्ये काठीच नसते. डावे, खाली आणि उजवे ही तीन बटणे डाव्या हाताच्या बोटांखाली आणि वरचे मोठे बटण अंगठ्याखाली असते. ही चारही बटणे एकमेकांपासून स्वतंत्र असल्यामुळे डावे सुटण्यापूर्वी उजवे दाबले जाणे अगदी स्वाभाविक आहे. अशा वेळी खेळाला नक्की काय कळवायचे, याचा निर्णय फर्मवेअरला घ्यावा लागतो. वेब सेटिंग्जमध्ये हा निर्णय `SOCD Cleaning Mode` या नावाखाली दिसतो; `SOCD` म्हणजे एकाच वेळी दाबलेल्या विरुद्ध दिशा.

`Neutral` मोडमध्ये विरुद्ध दिशा एकमेकींना रद्द करतात, म्हणजे डावे आणि उजवे एकत्र दाबले असता काहीच दाबलेले नाही असे कळवले जाते आणि वर-खालीचेही तसेच होते. `Up Priority` मध्ये डावे-उजवे रद्द होतात, पण वर-खाली एकत्र आले तर वरची दिशा जिंकते. `Last Win` मध्ये नंतर दाबलेली दिशा जिंकते, आणि ती सोडल्यावर आधीची अजून दाबलेली असेल तर ती पुन्हा लागू होते. `First Win` मध्ये आधी दाबलेली दिशा सुटेपर्यंत दुसरीला वावच मिळत नाही. `Off` मध्ये फर्मवेअर निर्णय घेत नाही आणि दोन्ही दिशा जशाच्या तशा पुढे पाठवते.

यातून एक निष्कर्ष निघतो, आणि बहुतेक लोक तो ध्यानात न घेताच नवे बटण विकत आणतात. `Neutral` मोडमध्ये डावे बटण सुटायला उशीर झाला तर त्याचा फटका उजव्याला बसतो, कारण उजवे दाबले गेले असूनही फर्मवेअर दोघांना रद्द करते. खेळणाऱ्याला उजवे लागत नाही एवढेच जाणवते आणि तो उजवे बटण बदलतो. दोष मात्र डाव्यात असतो. जे बटण मेल्यासारखे वाटते त्याच्या समोरचे बटण आधी तपासावे, हा नियम मी सर्वांना सांगतो.

याच कारणामुळे एकच दोष मोडप्रमाणे वेगळा दिसतो. डाव्याची पिन कायमची दाबलेली राहिली, तर `Neutral` मध्ये पात्र डावीकडे चालत राहते आणि उजवे दाबताच थांबते. त्याच दोषासह `Last Win` मध्ये उजवे व्यवस्थित चालते, पण ते सोडताच पात्र पुन्हा डावीकडे निघते. लक्षणे कळवताना सोबत मोडही सांगावा असा आग्रह मी त्यासाठीच धरतो.

पहिली तपासणी: मोड कोणता आहे?

हिला खर्च शून्य आणि वेळ दोन मिनिटे. कंट्रोलरची केबल काढावी, `S2` हे, म्हणजे स्टार्टचे, बटण दाबून धरावे आणि तसेच धरून केबल संगणकाला जोडावी. नंतर ब्राउझरमध्ये `http://192.168.7.1` हा पत्ता उघडला की फर्मवेअरचे सेटिंग्ज पान दिसते. तेथे `SOCD Cleaning Mode` पुढे काय निवडलेले आहे ते पाहावे आणि लिहून ठेवावे.

ही तपासणी पहिली ठेवण्याचे कारण असे की वरच्या यादीतील शेवटचे लक्षण बहुतेक वेळा दोषच नसतो. खाली धरून वर दाबल्यावर उडी लागत नसेल तर मोड बहुधा `Neutral` आहे आणि फर्मवेअर आपले काम चोख करत आहे. ज्या मित्राच्या कंट्रोलरवर उडी लागते, त्याच्याकडे `Up Priority` असण्याची शक्यता मोठी आहे. स्ट्रीट फायटर ६ मधील गाइलचा समरसॉल्ट किक घ्या. त्यासाठी खाली धरून चार्ज करायचे आणि मग वर व लाथ एकत्र द्यायची. `Up Priority` मध्ये खालचे बोट न उचलताही ही चाल निघते. `Neutral` मध्ये खालचे बोट आधी उचलावे लागते, नाहीतर उभ्या-उभ्या नुसती लाथ बसते.

मग सरळ `Up Priority` किंवा `Last Win` का लावू नये, असा प्रश्न येतो. घरी खेळताना हरकत नाही. स्पर्धेत उतरायचे असेल तर नियम पाहावे लागतात. कॅपकॉम प्रो टूरच्या २०२३ च्या नियमांनी नंतरच्या दाबाला जिंकवणारी पद्धत नाकारली. तिच्यामुळे मागचे बटण धरून ठेवलेले असतानाच पुढचे नुसते टिचकावून गाइलचा सॉनिक बूम सोडता येतो आणि पुढचे सुटताच ब्लॉक परत मिळतो, जे काठीवर शक्य नाही. म्हणून माझा सल्ला असा की सवय `Neutral` चीच लावावी आणि पुढच्या सर्व तपासण्यांनंतर कंट्रोलर त्याच मोडवर परत आणावा.

येथे आणखी एक बाब पाहून घ्यावी. फर्मवेअरच्या अनेक आवृत्त्यांत `S2`, `A1` म्हणजे होमचे बटण आणि एक दिशा एकत्र धरली की मोड बदलतो. ही बटणे हाताच्या तळव्याखाली येतील अशी मांडणी असेल, तर सामना चालू असताना मोड नकळत बदलू शकतो. कालपर्यंत नीट चालणारा कंट्रोलर आज अचानक वेगळा वागू लागला, तर आधी हा संशय घ्यावा आणि सेटिंग्जमध्ये जाऊन हा शॉर्टकट काढून टाकावा.

दुसरी तपासणी: बटणांची कच्ची नोंद

फर्मवेअरचा निर्णय होण्यापूर्वी बटणांकडून काय येते ते पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये. त्यासाठी मोड तात्पुरता `Off` करावा, इनपुट मोड एक्सइनपुट, म्हणजे एक्सबॉक्स कंट्रोलरसारखा, ठेवावा आणि कंट्रोलर विंडोजच्या संगणकाला जोडावा.

एक्सइनपुटच का, हे सांगायला हवे, कारण येथे बरेच जण फसतात. एक्सइनपुटमध्ये चार दिशांसाठी चार वेगळे बिट असतात, त्यामुळे डावे आणि उजवे दोन्ही एकाच वेळी कळवता येतात. प्लेस्टेशन ४ आणि स्विचच्या मोडमध्ये मात्र चारही दिशा मिळून एकच आकडा जातो. ० म्हणजे वर, १ म्हणजे वर-उजवे, असे ७ पर्यंत मोजत गेले की आठ दिशा होतात, आणि डावे-उजवे एकत्र यासाठी त्यात आकडाच नाही. अशा मोडमध्ये `Off` ठेवूनही दोन्ही दिशा दिसणार नाहीत आणि बटणे निर्दोष आहेत असा चुकीचा ग्रह होईल. विंडोजच्या `joy.cpl` खिडकीतही दिशा आठ टोकांच्या एकाच चकतीवर दिसतात, म्हणून या कामासाठी तिचा उपयोग नाही. लिनक्सवर एक्सइनपुट कंट्रोलरच्या डाव्या-उजव्याचा साधारणपणे एकच अक्ष बनतो आणि दोन्ही दाबले की तो शून्य दाखवतो, त्यामुळे तेथेही फसगत होते.

ब्राउझरच्या कन्सोलमध्ये पुढील काही ओळी टाकल्या की काम भागते. आधी कंट्रोलरचे कोणतेही एक बटण दाबावे, नाहीतर ब्राउझरला तो दिसत नाही. एकाहून अधिक कंट्रोलर जोडलेले असतील तर बाकीचे काढून ठेवावेत.

```
let old = '';
setInterval(() => {
  const p = navigator.getGamepads()[0];
  if (!p) return;
  const s = [12, 13, 14, 15]
    .map(i => +p.buttons[i].pressed).join(' ');
  if (s !== old) {
    console.log(Math.round(performance.now()), s);
    old = s;
  }
}, 4);
```

प्रत्येक ओळीतील पहिला आकडा मिलिसेकंदांतील वेळ आहे आणि पुढचे चार आकडे अनुक्रमे वर, खाली, डावे आणि उजवे. दाबलेले बटण १, सुटलेले ०. स्थितीत बदल झाला तरच नवी ओळ उमटते. अगदी थोड्या मिलिसेकंदांचा बदल यातून निसटू शकतो, पण आपल्याला शोधायचा दोष त्याहून मोठा असतो.

आता सावकाश एकेक बटण दाबून सोडावे. येथेच दोषांची मोठी विभागणी होते. एक बटण दाबूनही ओळच उमटत नसेल तर वायर किंवा ग्राउंड तुटले आहे. त्यासाठी थेट चौथ्या तपासणीकडे जावे. काहीही न दाबता एखादा १ टिकून असेल तर ती पिन कोठेतरी ग्राउंडला लागली आहे. एका दाबात दोन १ उमटत असतील तर दोन पिन एकमेकींना चिकटल्या आहेत. एकाच दाबात १, ०, पुन्हा १ असा थरथराट दिसत असेल तर स्विचचा संपर्क झिजला आहे. काही जण यावर डिबाउन्सची, म्हणजे असा थरथराट गाळण्याची, वेळ वाढवतात, पण त्याने दोष फक्त झाकला जातो आणि दाब किंवा सुटका नोंदायला उशीर होऊ लागतो. स्विच बदलणे हाच खरा उपाय आहे. आणि डावे दाबल्यावर उजव्याच्या रकान्यात १ आला तर वायरींची अदलाबदल झाली आहे. या फर्मवेअरच्या पिकोवरील मूळ मांडणीत `GP02` वर, `GP03` खाली, `GP04` उजवे आणि `GP05` डावे असा क्रम आहे. डावे आधी येईल असे मनाशी धरून जोडत जाणाऱ्याची येथे हमखास गफलत होते, पण सेटिंग्जमध्ये पिनचे नाव बदलले की काम होते. वायर उचकटण्याची गरज नाही.

सगळी बटणे एकेकटी निर्दोष निघाली, तर दोष वळण्याच्या क्षणात आहे.

तिसरी तपासणी: बटण, भोक की बोट?

या टप्प्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण सर्वाधिक कंट्रोलर येथेच अडकतात.

गेल्या पावसाळ्यात एका ओळखीच्या मुलाने आपला कंट्रोलर आणून दिला. प्लायची पेटी, तिला घरीच दिलेले वॉर्निशचे तीन हात आणि नट आवळून बसवायची २४ मिमीची बटणे. तक्रार पहिल्या लक्षणाची होती, म्हणजे डावीकडून उजवीकडे वळताना डॅश निसटायचा. त्याने उजवे बटण दोनदा बदलले होते. त्याला डावे-उजवे असे झटकन वळायला सांगितले, तेव्हा पुढील नोंद मिळाली.

```
48210 0 0 1 0
48655 0 0 1 1
48702 0 0 0 1
```

मधली ओळ पाहावी. ४८६५५ ला उजवे दाबले गेले, पण डावे ४८७०२ पर्यंत सुटले नाही. म्हणजे ४७ मिलिसेकंद दोन्ही बटणे दाबलेली होती. सेकंदाला ६० फ्रेम चालणाऱ्या खेळात एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे जवळजवळ तीन फ्रेम खेळाला कोणतीच दिशा मिळत नव्हती. त्यानंतर उलट वळायला सांगितले.

```
51340 0 0 0 1
51718 0 0 1 1
51729 0 0 1 0
```

येथे दोन्ही बटणे फक्त ११ मिलिसेकंद एकत्र होती. वीस-वीस वेळा करून पाहिले, तरी हा फरक दोन्ही बाजूंना साधारण असाच राहिला. दोन बटणे थोडा वेळ एकत्र दाबली जाणे दोष नाही, कारण कोणाचीही बोटे तेवढी काटेकोर नसतात. दोन बाजूंतील असमानता मात्र सांगते की डावे बटण उशिरा सुटत आहे.

ते उशिरा सुटण्याची कारणे तीनच असू शकतात, म्हणजे बटण, ते ज्या भोकात बसले आहे ते भोक किंवा बोट. त्यांना वेगळे करण्यासाठी काहीही विकत आणावे लागत नाही.

आधी डावे आणि उजवे बटण काढून एकमेकांच्या जागी बसवावे. वायरी मात्र आपापल्या जागीच ठेवाव्यात. असमानता बटणाबरोबर दुसऱ्या बाजूला गेली तर बटण दोषी. त्या मुलाच्या कंट्रोलरमध्ये ती गेली नाही. आकडे जसेच्या तसे राहिले. मग त्याला हात बदलायला सांगितले. डाव्या हाताऐवजी उजव्या हाताची बोटे त्याच बटणांवर ठेवायची, म्हणजे अनामिकेच्या जागी तर्जनी येते. असमानता बोटाबरोबर बदलली असती तर दोष सवयीचा ठरला असता आणि सरावाने सुटला असता. तीही बदलली नाही. उरले ते भोक.

डाव्या बटणाचा नट सोडवला आणि बटण वर ओढले, तर ते सहजी निघेना. अंगठ्याने खालून रेटल्यावर ते चर्र आवाज करत बाहेर आले आणि त्याच्या बाजूवर पिवळट वॉर्निशचा चरा उमटलेला दिसला. भोकाच्या आतल्या कडेवर वॉर्निश ओघळून त्याचा थेंब वाळला होता. बटण तेथे दाबून बसवल्यामुळे त्याची प्लॅस्टिकची नळी किंचित चेपली होती आणि आतला दट्ट्या एका बाजूला घासत वर येत होता. दाबताना बोटाच्या जोरापुढे हे घासणे जाणवत नाही, पण परत येताना केवळ स्प्रिंगचा जोर असतो, म्हणून उशीर फक्त सुटण्यात दिसतो. बटण बाहेर काढताच नळी मोकळी झाली आणि दट्ट्या पूर्ववत उसळू लागला. म्हणूनच जागा बदलल्यावर दुसऱ्या भोकात तेच बटण निर्दोष ठरले होते.

१८० नंबरचा पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळून भोकाची कड साफ केली, बटण बोटांच्या जोराने अलगद बसू लागेपर्यंत घासले आणि नट हाताने आवळून वर पाव फेराच दिला. नव्या नोंदीत दोन्ही बटणे एकत्र असण्याचा वेळ १४ मिलिसेकंदांवर आला. पक्कड लावून नट करकचून आवळल्यानेही नेमका हाच दोष निर्माण होतो, हे ध्यानात ठेवावे. धातूच्या पॅनेलवर पावडर कोटिंग केले असेल तर प्रत्येक भोक थोडे लहान होते, म्हणून रेखाटनातच त्याची जागा ठेवावी लागते.

दोष बोटाचा निघाला तर कधीकधी तो मांडणीचा असतो. डावे बटण अनामिकेच्या पोहोचीपेक्षा वर असेल तर बोट ताणलेले राहते आणि ताणलेले बोट उशिरा उचलले जाते. अंगठ्याचे वरचे बटण तळहाताच्या फार जवळ आले तर अंगठा त्यावर विसावतो; अशा वेळी `Up Priority` मध्ये खाली दाबूनही अधूनमधून उडी लागते आणि खेळणारा खालच्या बटणाला दोष देतो. म्हणून पेटी कापण्यापूर्वी बटणांचे वर्तुळ खऱ्या मापाने कागदावर छापावे, कागद टेबलावर चिकटवावा आणि डोळे मिटून हात ठेवून पाहावा. बोटांची टोके वर्तुळांच्या मध्याजवळ आपोआप आली पाहिजेत आणि अंगठा वरच्या वर्तुळाच्या बाहेर विसावला पाहिजे. तयार पेटीत बदल करता येत नसेल तर वरच्या बटणात थोडी कडक स्प्रिंग किंवा कडक स्विच बसवल्यानेही पुष्कळ फरक पडतो.

चौथी तपासणी: वायर, टर्मिनल आणि पिन

पेटी उघडण्यापूर्वी केबल काढावी. ही अट प्रत्येक वेळी पाळावी.

पिको बोर्डवर बटणाचे एक टोक पिनला आणि दुसरे ग्राउंडला जोडलेले असते. पिन आतूनच वर खेचलेली असल्यामुळे वेगळा रोधक लागत नाही. बटण दाबले की पिन ग्राउंडला भिडते आणि फर्मवेअर तो दाब मानते. म्हणजे ग्राउंडला चुकून भिडलेली कोणतीही पिन दाबलेले बटणच ठरते.

ग्राउंडची वायर बहुधा एका बटणावरून दुसऱ्यावर अशी साखळीने नेलेली असते. साखळीत एखादे टर्मिनल सैल झाले की त्याच्या पुढची सगळी बटणे एकदम मरतात, त्यामुळे एकदम अनेक बटणे गेली तर शेवटचे चालणारे आणि पहिले मेलेले यांच्यामधला जोड पाहावा. टर्मिनल बोटाने हलवताना नोंदीत बदल दिसला तर ते काढून पकडीने किंचित दाबावे आणि परत बसवावे. दमट हवेत टर्मिनलवर हिरवट-काळा थर येतो. तो पुसला नाही तर घट्ट बसवलेले टर्मिनलही दगा देते.

नंतर मल्टिमीटर बीपच्या खुणेवर ठेवावा, एक टोक बोर्डच्या ग्राउंडला आणि दुसरे तपासायच्या पिनला लावावे. बटण दाबल्यावर बीप वाजला पाहिजे आणि सोडताच थांबला पाहिजे. न दाबता बीप वाजत असेल तर बोर्डवरच्या सोल्डरच्या डागांकडे पाहावे.

पिकोच्या कडेवरील क्रम असा आहे की ३ क्रमांकाच्या पायावर ग्राउंड, ४ वर `GP02`, ५ वर `GP03`, ६ वर `GP04`, ७ वर `GP05` आणि ८ वर पुन्हा ग्राउंड. म्हणजे मूळ मांडणीत चारही दिशा शेजारी-शेजारी आणि दोन्ही टोकांना ग्राउंड आहे. सोल्डरचा एखादा जादा थेंब कोठे पडला हे त्यामुळे लक्षणावरूनच ओळखता येते. ६ आणि ७ जुळले तर डावे किंवा उजवे काहीही दाबले तरी दोन्ही लागतात आणि `Neutral` मध्ये एकमेकांना रद्द करतात, म्हणून दोन्ही मेलेली वाटतात. हे यादीतील तिसरे लक्षण. ४ आणि ५ जुळले आणि मोड `Up Priority` असेल तर खाली दाबल्यावर वरही लागते आणि पात्र उडी मारते, हे चौथे. ५ आणि ६ जुळले तर खाली दाबल्यावर पात्र तिरके वागते. ७ आणि ८ जुळले तर डावे कायमचे दाबलेले राहते, आणि `Last Win` मध्ये त्याचेच पाचवे लक्षण होते. डाग वितळवून सोल्डर शोषणाऱ्या जाळीने थेंब उचलला की काम संपते.

डाग स्वच्छ आहेत, वायर काढून ठेवली आहे, मल्टिमीटरवर ग्राउंडशी जोड दिसत नाही आणि तरीही सेटिंग्जमध्ये ती पिन दाबलेली दिसते, असे क्वचित घडते. मग ती पिन आतून गेली असे समजावे. वायर एखाद्या रिकाम्या पिनवर हलवावी आणि सेटिंग्जमध्ये त्या पिनला दिशेचे नाव द्यावे. बोर्ड बदलण्याची गरज सहसा पडत नाही.

सर्व झाल्यावर मोड पुन्हा `Neutral` करून जतन करावा आणि केबल काढून परत जोडावी. `Off` वर राहिलेला कंट्रोलर सामन्यात दोन्ही दिशा एकत्र पाठवेल आणि त्यांचे काय करायचे हे प्रत्येक खेळ आपापल्या पद्धतीने ठरवेल.

येथे थांबावे आणि जाणकाराकडे द्यावे

कंट्रोलर विकत घेतलेला असून वॉरंटीत असेल तर पहिल्या तीन तपासण्यांपैकी पेटी न उघडता करता येतील तेवढ्याच कराव्यात, म्हणजे मोड पाहणे, कच्ची नोंद घेणे आणि हात बदलून पाहणे. दोन दिशांच्या नोंदी विक्रेत्याला पाठवाव्यात. ४७ आणि ११ सारखे आकडे पाहिल्यावर दोष समजावून सांगावा लागत नाही.

बोर्ड हाताला गरम लागत असेल, जळका वास येत असेल किंवा जोडताच संगणक यूएसबीबद्दल इशारा देत असेल तर केबल लगेच काढावी आणि पुन्हा जोडून पाहू नये. पिकोच्या पिन ३.३ व्होल्टच्या आहेत. यूएसबीचा ५ व्होल्टचा पुरवठा दिव्यांच्या वायरींमधून चुकून एखाद्या पिनवर आला असेल तर प्रत्येक नव्या प्रयोगाबरोबर आणखी पिन जाण्याचा धोका असतो. डाग काढताना बोर्डवरचा तांब्याचा गोल उचलला गेला असेल किंवा पूर्ण बोर्डच बारीक सोल्डरिंगचा असेल, तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या ज्या दुकानात सूक्ष्मदर्शकाखाली सोल्डरिंग करतात तेथे तो द्यावा. देताना उजवे चालत नाही असे सांगू नये. कोणता मोड आहे, कोणती पिन आहे आणि नोंदीत कोणता रकाना अडकलेला दिसतो, हे कागदावर लिहून द्यावे.